करार झालाच नाही, तरी शब्द कंपनीच्या अंगाशी कधी येतो?

नुसता शब्द न्यायालयात टिकत नाही, हा करार कायद्यातला जुना नियम आहे. एखादी कंपनी म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्हाला आमची शाखा चालवायला देऊ," आणि त्या बदल्यात तुम्ही काही दिलं नाही, काही करायचं कबूलही केलं नाही, तर कायद्याच्या नजरेत तिथे करार झालेलाच नसतो. करार म्हणजे देवाणघेवाण. एका बाजूने वचन येतं आणि दुसऱ्या बाजूने त्याचा मोबदला येतो. या मोबदल्याला कायद्यात प्रतिफल म्हणतात. ते पैशातच असावं असं नाही आणि वचनाच्या तोलाचं असावं असंही नाही. पण काहीतरी असावं लागतं, आणि ते त्या वचनाच्या बदल्यात ठरलेलं असावं लागतं.

नियम सोपा आहे, पण माणसं त्याप्रमाणे वागत नाहीत. मोठ्या कंपनीचा अधिकारी समोर बसून "काळजी करू नका, तुमचं काम झालंच समजा" असं म्हणतो, आणि त्या भरवशावर माणूस आपली चालती नोकरी सोडतो, जागा विकतो, दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवतो. मग काही महिन्यांनी कंपनी हात वर करते. "बोललो होतो खरं, पण करार कुठे झाला होता?" हे म्हणणं जुन्या नियमाला धरून अगदी बरोबर असतं. ही जी फट राहते, ती बुजवायला न्यायालयांनी प्रॉमिसरी एस्टॉपेल हे तत्त्व घडवलं. दिलेल्या शब्दावर विसंबून समोरच्याने पाऊल उचललं असेल, ते उचललं जाईल हे शब्द देणाऱ्याला कळायला हवं होतं, आणि आता शब्द फिरवला तर उघड अन्याय होणार असेल, तर "प्रतिफल नव्हतं" ही सबब त्याला चालत नाही.

व्याख्या एवढीच. पण यातल्या प्रत्येक अटीत किती पाणी आहे हे कळायचं असेल तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली निकाली काढलेला एक खटला सावकाश बघण्यासारखा आहे. वादी होता हॉफमन नावाचा एक बेकरीवाला आणि प्रतिवादी होती रेड आउल ही किराणा दुकानांची साखळी.

अठरा हजार डॉलरची गोष्ट

हॉफमन आणि त्याची बायको वॉटोमा नावाच्या छोट्या गावात बेकरी चालवत होते. बेकरीच्या जोडीला मोठं किराणा दुकान काढावं, तेही नावाजलेल्या साखळीचं, असं त्याच्या मनात होतं. १९५९च्या अखेरीस त्याने रेड आउलच्या माणसांशी बोलणी सुरू केली. आपल्याजवळ घालायला अठरा हजार डॉलर आहेत, त्याहून जास्त नाहीत, हे त्याने सांगितलं. कंपनीच्या प्रतिनिधीने तेवढे पुरतील असं सांगितलं. एकदा नाही, अनेकदा.

किराण्याचा अनुभव नाही, म्हणून १९६१च्या फेब्रुवारीत हॉफमनने गावातच एक लहान किराणा दुकान घेतलं. यात कंपनीच्या माणसांचा सल्ला होता. तीन महिन्यांनी कंपनीची माणसं आली, मालाची मोजदाद केली, हिशेब पाहिला. दुकान नफ्यात होतं. तेव्हा त्यांनी सुचवलं की हे दुकान आता विकून टाका, तुमच्यासाठी दुसरीकडे मोठी जागा बघतो. हॉफमन कचरला, कारण उन्हाळा तोंडावर होता आणि त्या गावात उन्हाळ्यातच पर्यटक येत. पण शरद ऋतूपर्यंत नवं दुकान सुरू होईल आणि अठरा हजार पुरतील, अशी पुन्हा खात्री मिळाली. जूनमध्ये त्याने दुकान विकलं.

मग चिल्टन गावात जागा ठरली. ती कंपनीनेच निवडली होती. कंपनीच्या सांगण्यावरून हॉफमनने त्या जमिनीसाठी एक हजार डॉलर भरले. यानंतर त्याला सांगण्यात आलं की आता एकच अडसर उरला आहे, बेकरी विकावी लागेल. नोव्हेंबरमध्ये त्याने बेकरीची इमारत दहा हजार डॉलरला विकली. चिल्टनमध्ये भाड्याने घर घेतलं, कुटुंबाला नीना या गावी हलवलं आणि दुकान उभं राहीपर्यंत पोट भरायला एका बेकरीत रात्रपाळी धरली.

इथून आकडे हलू लागले. मुख्य कार्यालयात भांडवलाचा तपशीलवार हिशेब मांडला गेला आणि अठरा हजारांचे चोवीस हजार शंभर झाले. काही आठवड्यांनी जाहिरातीसाठी आणखी दोन हजार हवेत असं निघालं. शेवटी गोष्ट चौतीस हजारांवर गेली. त्यातले तेरा हजार सासऱ्याकडून यायचे होते, आणि कंपनीची अट अशी होती की सासऱ्याने ते बक्षीस म्हणून द्यावेत, किंवा निदान इतर सगळ्या देणेकऱ्यांचं भागल्यावरच परत मागावेत. हॉफमनने नकार दिला. १९६२च्या सुरुवातीला बोलणी मोडली. दुकान झालंच नाही.

कंपनीचा बचाव आणि न्यायालयाचे तीन प्रश्न

रेड आउलचा बचाव वकिलाच्या नजरेतून पाहिला तर भक्कम होता. दुकानाची इमारत केवढी, आराखडा कसा, ती कोण बांधणार, भाडं किती, भाडेपट्टा किती वर्षांचा, यातलं काहीच पक्कं झालेलं नव्हतं. अशा अर्धवट गोष्टीला कायद्यात प्रस्तावही म्हणता येत नाही, मग करार तर दूरच. आणि ज्याचा करार होऊ शकत नाही त्याचं वचन बंधनकारक कसं?

न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही, आणि त्याचं कारणच या निकालाला महत्त्वाचं करतं. करार झाला नव्हता हे न्यायालयाने मान्य केलं. पण हा दावा करारभंगाचा नाहीच, तेव्हा वचन करारातल्या प्रस्तावाइतकं तपशीलवार असलं पाहिजे ही अटही लागू नाही, असं म्हटलं. इथे विचारायचे प्रश्न तीन. या वचनामुळे समोरचा माणूस ठोस आणि मोठं पाऊल उचलेल, किंवा उचलायचं थांबेल, अशी अपेक्षा वचन देणाऱ्याने करायला हवी होती का? तसं पाऊल खरंच उचललं गेलं का? आणि वचन लागू केल्याशिवाय अन्याय टळणारच नाही, अशी स्थिती आहे का?

पहिले दोन प्रश्न वस्तुस्थितीचे आहेत. ते साक्षीपुराव्याने सुटतात आणि तिथे ज्युरीचं मत चालतं. तिसरा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तो न्यायाधीशाच्या विवेकाचा आहे. त्यामुळे दोन खटल्यांत घटना साधारण सारख्या असूनही निकाल वेगळे लागू शकतात, आणि ही गोष्ट या तत्त्वाच्या अंगातच आहे. शंभर टक्के खात्री देणारा वकील भेटला तर त्याच्यावर थोडा संशय घ्यायला हरकत नाही.

हॉफमनच्या बाजूने जे वजन पडलं ते एका भव्य आश्वासनाचं नव्हतं. प्रत्येक खर्चाच्या आधी कंपनीचा एक शब्द होता, आणि त्या खर्चाची कंपनीला आधीपासून माहिती होती. दुकान विकण्यापूर्वी शब्द, जमिनीचे पैसे भरण्यापूर्वी शब्द, बेकरी विकण्यापूर्वी शब्द. काही पावलं तर कंपनीनेच उचलायला लावली. "तो असं काही करेल असं आम्हाला वाटलंच नाही" हे म्हणायला जागाच राहिली नव्हती.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे काही अभ्यासकांनी खटल्याची मूळ कागदपत्रं वाचून असं मत मांडलं की अठरा हजार या आकड्याचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा होता. हॉफमन त्यात कर्जाऊ मिळणारी रक्कमही धरत होता, तर कंपनीच्या मते ती त्याच्या स्वतःच्या खिशातली, कोणाचं देणं नसलेली रक्कम असायला हवी होती. हे खरं मानलं तर कंपनी लबाड नव्हती, गैरसमज झाला होता. पण मला यात तत्त्वाची कमजोरी दिसत नाही. प्रॉमिसरी एस्टॉपेलला फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. फसवणुकीत शब्द देतानाच तो न पाळण्याचा मनसुबा दाखवावा लागतो, आणि ते फार अवघड असतं. इथे प्रामाणिकपणे दिलेला, पण बेपर्वाईने पुन्हा पुन्हा घोळवलेला शब्दही पुरतो.

पैसे किती मिळाले, यात सगळं आहे

न्यायालय कंपनीला शब्दाला बांधतं म्हणजे हॉफमनला दुकान मिळालं का? नाही. दुकान चाललं असतं तर झालेला नफा मिळाला का? तोही नाही. ज्युरीने पाच बाबींची भरपाई ठरवली होती. बेकरीची इमारत विकण्यात झालेला तोटा २,००० डॉलर, चिल्टनच्या जमिनीसाठी भरलेले १,०००, बिऱ्हाड हलवण्याचे १४०, चिल्टनमधल्या घराचं भाडं १२५, आणि वॉटोमाचं किराणा दुकान विकण्याचा तोटा १६,७३५. एकूण बरोबर २०,०००.

पहिल्या चार बाबी, म्हणजे ३,२६५ डॉलर, टिकल्या. सगळ्यात मोठी पाचवी बाब टिकली नाही. ती का टिकली नाही हे समजलं की तत्त्वाचा गाभा हाती येतो. सोळा हजारांच्या वरचा तो आकडा दुकानाच्या पुढच्या काळातल्या नफ्याचा विचार केल्याशिवाय येत नव्हता. न्यायालय म्हणालं, हॉफमनने हे दुकान अनुभवासाठी घेतलं होतं आणि चार महिन्यांत विकलं. त्याचं खरं नुकसान एवढंच, की विक्रीच्या दिवशी दुकानातल्या सामानाची आणि मालाची बाजारात जी रास्त किंमत होती, तिच्यापेक्षा त्याला कमी मिळाले असतील तर तेवढा फरक. तो ठरवण्यापुरता खटला पुन्हा चालवावा, असा आदेश झाला.

करारभंगात न्यायालय तुम्हाला तिथे नेऊन उभं करायचा प्रयत्न करतं, जिथे करार पुरा झाला असता तर तुम्ही असता. हॉफमनच्या खटल्यात न्यायालयाने त्याला तिथे परत नेलं, जिथे तो शब्दावर विश्वास ठेवण्यापूर्वी होता. एक मोजमाप पुढे पाहतं, दुसरं मागे. म्हणून प्रॉमिसरी एस्टॉपेलचा दावा आणणाऱ्याने "मला किती मिळालं असतं" याचे तक्ते बनवत बसण्यापेक्षा "माझं किती गेलं" याच्या पावत्या गोळा कराव्यात.

हॉफमनच्या खटल्यात न्यायालयाने आधार घेतला होता तो अमेरिकेतल्या कायदेपंडितांनी १९३२ साली तयार केलेल्या करार कायद्याच्या सारसंहितेतल्या कलम ९०चा. तिची १९८१ साली सुधारलेली आवृत्ती आली, तेव्हा त्यात न्यायाला गरज असेल तेवढ्यापुरताच उपाय मर्यादित ठेवता येईल, हे वाक्य स्पष्ट घातलं गेलं. 'ठेवता येईल', 'ठेवावाच' नाही. कारण कधीकधी मागे नेऊन उभं करणं शक्यच नसतं.

मिसुरी राज्यातलं १९५९चं एक प्रकरण त्याचं उदाहरण आहे. फायफर ही औषधं बनवणारी कंपनी. तिथे एक बाई १९१० पासून, वयाच्या सतराव्या वर्षापासून कामाला होत्या. १९४७च्या डिसेंबरात कंपनीच्या संचालक मंडळाने ठराव केला की त्या जेव्हा निवृत्त होतील तेव्हापासून त्यांना हयातभर महिना दोनशे डॉलर मिळतील. बदल्यात आणखी इतकी वर्षं काम करा, अशी काही अट नव्हती. त्या पुढे दीडेक वर्षाने निवृत्त झाल्या आणि पैसे नियमित येऊ लागले. मग कंपनीची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती गेली, नव्या हिशेबतपासनिसांनी शंका काढली, आणि १९५६ साली दोनशेचे शंभर झाले.

कंपनीचं म्हणणं असं, की सदतीस वर्षांची सेवा हे प्रतिफल होऊ शकत नाही, कारण ती ठरावाच्या आधीच देऊन झाली होती. न्यायालयाने हे मान्य केलं. झालेल्या गोष्टीच्या बदल्यात नवं वचन विकत घेता येत नाही. तरी बाई जिंकल्या, कारण त्या ठरावाच्या भरवशावर त्यांनी पगाराची नोकरी सोडली होती. आता त्यांचं वय साठीच्या पुढे गेलं होतं, आणि सोडलेली नोकरी त्यांना कोणी परत देऊ शकत नव्हतं. मागे नेण्याचा रस्ता बंद होता, म्हणून न्यायालयाने वचनच पूर्ण लागू केलं. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. ठरावानंतर त्यांनी नोकरी सोडलीच नसती, किंवा त्यांना ठरावाआधीच कामावरून काढून टाकलं असतं, तर त्यांच्या हाती काही लागलं नसतं. त्या ठरावाला कायद्याचं बळ आलं ते त्यांच्या राजीनाम्याने.

दावा कुठे कोसळतो

सगळ्यात जास्त दावे पहिल्याच पायरीवर पडतात, कारण जे बोललं गेलं ते वचनच नसतं. "या भागात तुमच्यासारख्यांना चांगला वाव आहे", "वरिष्ठांचा कल होकाराकडे दिसतो", "साधारण इतक्यात जमून जाईल" ही मतं आहेत, अंदाज आहेत, धंद्यातलं नेहमीचं गोड बोलणं आहे. वचनात बोलणाऱ्याने स्वतःला एखाद्या वागण्यात अडकवून घेतलेलं असतं. "अठरा हजारांत आम्ही तुम्हाला दुकान उभं करून देऊ" यात तशी अडकवणूक आहे.

दुसरं, विसंबणं समंजस असावं लागतं. ज्या कागदावर तुमची सही आहे त्यातच "अंतिम करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत कोणावरही कसलंही बंधन नाही" असं लिहिलेलं असेल, तर एखाद्या विक्री अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दावर दुकान विकणं न्यायालयाला शहाणपणाचं वाटण्याची शक्यता कमी. मोठ्या कंपन्या सुरुवातीच्या पत्रव्यवहारात हे वाक्य हटकून घालतात, ते याचसाठी. दोन्ही बाजूंना वकिलांची फौज असेल तर न्यायालयं आणखी कडक होतात. हॉफमनसारखा निकाल म्हणूनच सरसकट लागत नाही.

तिसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. पाऊल शब्दानंतर आणि शब्दामुळे उचललेलं असावं लागतं. बेकरी आधीच विकायला काढली होती, शब्द नंतर मिळाला, तर तो तोटा त्या शब्दाचा नाही. आणि शब्द फिरल्याचं कळल्यानंतर केलेला खर्च तर अजिबात धरला जात नाही. तारखांचा एक साधा तक्ता मांडला, एका बाजूला कोण कधी काय बोललं आणि दुसऱ्या बाजूला आपण कधी काय केलं, तर दावा उभा राहतो की नाही याचा निम्मा निकाल त्या कागदावरच दिसतो. बोलणं तोंडी झालं असेल तर त्याच दिवशी पाठवलेला "आज ठरल्याप्रमाणे मी अमुक करतो आहे" असा दोन ओळींचा संदेश पुढे सोन्याच्या मोलाचा ठरतो. त्याने शब्दाचा पुरावा मिळतो आणि समोरच्याला तुमचं पाऊल माहीत होतं हेही सिद्ध होतं.

ढाल की तलवार

आतापर्यंत सांगितलं ते अमेरिकेतलं. इंग्लंडमध्ये हेच तत्त्व आखडतं आहे. तिथे १९५१ सालच्या कोम्ब खटल्यात न्यायालयाने ठरवलं की हे तत्त्व ढाल आहे, तलवार नाही. म्हणजे आधीपासून चालत आलेल्या करारात एकाने काही सवलत दिली आणि नंतर ती नाकारून वसुलीला आला, तर दुसरा या तत्त्वाआड उभा राहू शकतो. पण केवळ शब्दाच्या जोरावर नवा हक्क मागत न्यायालयात जाता येत नाही. हॉफमन इंग्लंडमध्ये असता तर बहुधा रिकाम्या हाताने परतला असता. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली वॉल्टन्सच्या खटल्यात हे बंधन झुगारलं. तिथे एका दुकान साखळीसाठी जमीनमालकाने जुनी इमारत पाडून नवी बांधायला घेतली होती, आणि भाडेकरारावर कंपनीची सही झालेलीच नव्हती. कंपनीला माघार घ्यायची होती, बांधकाम चालू आहे हे ठाऊक होतं, तरी ती गप्प बसली. ते गप्प बसणंच तिला भोवलं.

भारतात मार्ग थोडा निराळा आहे. १८७२च्या करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे काही अपवाद सोडले तर बिनप्रतिफलाचा करार रद्दबातलच असतो. पण त्याच कायद्यात प्रतिफलाची व्याख्या सैल आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्याने काही केलं, तर तेच प्रतिफल ठरतं, मग वचन देणाऱ्याला त्यातून दमडीचा फायदा होवो न होवो. कोलकाता उच्च न्यायालयाने १८८६ साली हावड्याच्या टाउन हॉलच्या वर्गणीच्या खटल्यात हेच धरलं. एकाने शंभर रुपये वर्गणी कबूल केली, त्या वर्गण्यांच्या भरवशावर बांधकामाचा ठेका दिला गेला, मग त्याने पैसे द्यायला नकार दिला. न्यायालयाने द्यायला लावले. उलट १८८०च्या अलाहाबादच्या खटल्यात ज्याने बाजारातली दुकानं बांधली, त्याने ती जिल्हाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून बांधली होती. दुकानदारांनी नंतर कमिशन कबूल केलं, तरी ते मिळालं नाही, कारण बांधायची इच्छा त्यांची नव्हती. म्हणून भारतात असा वाद आला तर पहिला प्रश्न हाच असतो की पाऊल कोणाच्या सांगण्यावरून उचललं गेलं.

प्रॉमिसरी एस्टॉपेल हे नाव घेऊन आपल्याकडे गाजलेले खटले मुख्यतः सरकारविरुद्धचे आहेत. उत्तर प्रदेश सरकारने १९६८ साली नव्या उद्योगांना तीन वर्षं विक्रीकर माफ करण्याचं जाहीर केलं. त्यावर विसंबून मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या कंपनीने कानपुरात वनस्पती तुपाचा कारखाना उभारला, आणि मग सरकारने माफी काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८च्या अखेरीस दिलेल्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी माफी द्यायला लावली, आणि हे तत्त्व नुसती ढाल नाही, दाव्याचा पायाही होऊ शकतं, असं स्पष्ट लिहिलं.

शब्द परत घेता येतो का?

येतो. दिलेला शब्द जन्मभर गळ्यात अडकतो असं नाही. लंडनच्या १९४७च्या हाय ट्रीज खटल्यात एका इमारतीचं वार्षिक भाडं अडीच हजार पौंड होतं. युद्धामुळे सदनिका रिकाम्या पडल्या, तेव्हा १९४० साली मालक कंपनीने ते निम्मं केलं. १९४५ मध्ये सदनिका पुन्हा भरल्या आणि मालकाने त्या वर्षाच्या शेवटच्या दोन तिमाहींचं पूर्ण भाडं मागितलं. न्यायमूर्ती डेनिंग यांनी ते मंजूर केलं, कारण सवलत युद्धकाळापुरतीच होती. पण युद्धाच्या वर्षांतली उरलेली निम्मी रक्कम मागितली असती तर ती मिळाली नसती, असंही त्यांनी सांगून ठेवलं. भाडेकरूने तेव्हाचे सगळे हिशेब निम्म्या भाड्यावर बेतले होते.

म्हणून कंपनीला शब्दातून बाहेर पडायचं असेल तर ते लवकर, लेखी आणि पुढच्या तारखेपासून करावं लागतं. समोरचा अजून कशात अडकलेला नसेल तोवर माघारीची किंमत जवळजवळ काहीच नसते. १९६१च्या ऑक्टोबरात रेड आउलने हॉफमनला "अठरा हजार पुरणार नाहीत, किती लागतील ते ठरेपर्यंत थांबा" असं एक पत्र धाडलं असतं, तर जमिनीचे हजार डॉलर गेलेले होते आणि किराणा दुकानही विकून झालेलं होतं. पण बेकरी त्याची राहिली असती, आणि ते दोन हजार निकालपत्रात आलेच नसते.